कोऱ्या जागेतला ठराव

ग्रामसभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, लिहून झालं की मी पानाच्या खाली उरलेल्या जागेवर तिरपी रेघ मारतो. अर्धं पान रिकामं असो की दोनच ओळी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग त्या रेघेखाली सरपंचांची सही घेतो. माझ्याबरोबरचे लोक हसतात. "भाऊसाहेब, तुमी पानं वाया घालवण्यात पयला नंबर," असं एक सरपंच मला म्हणाले होते. ती रेघ मला एका बाईंनी मारायला लावली. त्या आधी मी काय केलं होतं ते कोणत्याच रजिस्टरला नाही, म्हणून इथे लिहितो.

आता आमच्या पदाचं नावही बदललंय. तेव्हा मी ग्रामसेवक होतो, तोही कंत्राटी. तीन वर्षं नीट काढली की कायम होणार, आणि त्यातलं शेवटचं वर्ष चालू होतं. दिंद्रुडकडचा माणूस मी, सपाट काळ्या रानातला. नेमणूक मिळाली ती बालाघाटाच्या कडेच्या एका लहान गावात. गाव दोन भागांत होतं. अलीकडे मारुतीचं मंदिर, पार, शाळा आणि ग्रामपंचायतीची एक खोली. मधून ओढा. ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती, तिथे समाजमंदिर आणि मागे गावठाणातली थोडी मोकळी जागा. लोक गुरुवारी बाजाराला धारूरला जायचे आणि येताना ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पिशव्या टेकवून पाणी प्यायचे. ओटा सावलीत होता. दुपारी तिथे बसलं की पलीकडच्या वस्तीतल्या अंगणवाडीची गाणी ऐकू यायची. आज इतक्या गावांतून फिरून आलो, तरी "माझं गाव" म्हटलं की मला तो ओटा आठवतो.

त्या वेळी सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी सुटलं होतं आणि वस्तीतल्या एक बाई सरपंच झाल्या होत्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. तिसरीपर्यंत शाळा झालेली. वाचायच्या, पण अक्षराखाली बोट धरून, सावकाश. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला भाऊसाहेब. उपसरपंच अलीकडच्या आळीतले, जमीनदार घरातले. त्यांना सगळं गाव आण्णा म्हणायचं. आण्णांनी कधी माझ्यावर आवाज चढवला नाही. सकाळी त्यांच्या घरचा चहा ओट्यावर यायचा, आणि ताईंच्या मागे ते म्हणायचे, "कायद्यानं खुर्ची दिली त्यांला, पर कामकाज तर आपल्यालाच बघावं लागंल ना, भाऊसाहेब?" मी हसायचो. माझी पहिली चूक तिथेच झाली, हसण्यात.

आता आमची एक पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. सभेत ग्रामसेवक कच्च्या कागदावर मुद्दे टिपतो. पक्कं प्रोसिडिंग सवडीनं लिहितो, कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्यानं. सरपंच शेतावर, मजुरीवर जाणारे असतात, पुन्हा कधी सापडतील सांगता येत नाही. म्हणून सह्या आधी घेऊन ठेवायच्या. मला कामावर शिकवणाऱ्या एका जुन्या ग्रामसेवकांनी सांगितलं होतं, "खाली अर्धं पान मोकळं ठेव. ऐनवेळचे विषय असतेत, काय सुटलं तर मावतं." मी ठेवत गेलो. त्यात पाप आहे असं तेव्हा वाटलं नाही. सगळे ठेवायचे.

दुसरी पद्धत सभेतली. प्रत्येक ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी नुसतं "विषय एक" म्हणालो की पारावरून कुणीतरी म्हणायचं, "वाचलं समजा." सगळे मान हलवायचे, मी "सर्वानुमते कायम" असं टिपायचो आणि दोनवर जायचो. गावात आल्यापासून मी एकदाही मागचं इतिवृत्त वाचलं नव्हतं.

त्या वर्षी वस्तीतल्या अंगणवाडीला इमारत मंजूर व्हायची होती. वस्तीची अंगणवाडी वेगळी होती, पण तिला स्वतःचं छत नव्हतं. पोरं समाजमंदिराच्या पडवीत बसायची. पडवीचे पत्रे गळायचे. पावसाळ्यात सेविका पोरांना भिंतीला चिकटवून बसवायची आणि खिचडीचं पातेलं पदराखाली झाकायची. अलीकडची जुनी अंगणवाडी मंदिराशेजारच्या खोलीत होती, पण ओढा वाहायला लागला की तीन-चार वर्षांची पोरं तो ओलांडून कशी येणार? ताईंची सरपंच म्हणून एकच मागणी होती, आणि ती त्या मला भेटतील तेव्हा सांगायच्या. "भाऊसाहेब, बाकी काय न्हाई झालं तरी चालंल. पोरांच्या डोक्यावर छत झालं पायजे."

गांधी जयंतीच्या ग्रामसभेत हा विषय आला. इमारत द्यायची ती जिल्हा परिषद, पण जागा द्यायची ती गावानं. गावठाणातली मोकळी जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असते, आणि कुठली जागा कशाला, हे गाव ठरवतं. ताईंनी समाजमंदिरामागच्या जागेचं नाव सांगितलं. आण्णा म्हणाले, "आमच्या आळीत बी मोकळी जागा हाय की, रोडला लागून. इंजिनेराला बी सोपं." वस्तीतल्या बायकांनी गलका केला. शेवटी हात वर झाले आणि समाजमंदिरामागची जागा ठरली. मी कच्च्या कागदावर तसंच टिपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कापूस वेचायला निघाल्या होत्या. ओटी बांधलेली, डोक्यावर फडकं. ओट्यापाशी थांबल्या. "सही कुठं करू?" मी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. वर पान जवळजवळ कोरं होतं. "वर काय लिवणार हाय?" त्यांनी विचारलं. "काल ठरलं तेच," मी म्हणालो. त्यांनी पेन घट्ट धरून सही केली आणि वेचणीला गेल्या.

दोन दिवसांनी आण्णा ओट्यावर आले. चहा झाला. मग म्हणाले, "ठरावात आमच्या आळीची जागा लिव्हा."

मी म्हणालो, "आण्णा, सभेत दुसरीच ठरली."

"सभेत किती होते वो? आरडाओरडा होता. पोरं आमच्या आळीत बी हायतच की." मग जरा थांबून, अगदी प्रेमानं, "तुमचं कायम व्हायचं कधी हाय? मार्चात ना? गावाचा दाखला लागंल चांगला."

त्यांनी मला धमकी दिली असं मी आजही म्हणत नाही. त्यांनी फक्त विचारलं. भ्यालो मी. माझ्या मुलाला त्या वर्षी शाळेत घातलं होतं, वडील आजारी होते, असली कारणं पुढे मी स्वतःला फार दिली. पण त्या सकाळी त्यातलं एकही मनात आलं नव्हतं. मनात फक्त "कायम" हा शब्द होता. मी पेन काढलं आणि ताईंच्या सहीच्या वर, कोऱ्या जागेत, आण्णांच्या आळीतल्या जागेचा ठराव सुवाच्य अक्षरात लिहिला. सूचक म्हणून आण्णांचं नाव, अनुमोदक म्हणून त्यांच्या पुतण्याचं. सर्वानुमते मंजूर. मग त्या पानाची झेरॉक्स नक्कल काढली, गोल शिक्का मारला आणि प्रस्तावाला जोडून तालुक्याला पाठवली.

दिवाळीनंतर शाखा अभियंता जागा पाहून गेले आणि त्यांच्या माणसानं आण्णांच्या आळीत चुन्याची पांढरी फक्की टाकून पायाची आखणी केली, चौकोनी, ठळक. ताईंनी ती पाण्याला जाताना बघितली. घागर तशीच कमरेवर घेऊन त्या ओट्यावर आल्या.

"भाऊसाहेब, फक्की तिकडं कावून पडली?"

माझ्यापुढे खरं बोलायची ती पहिली संधी होती. मी म्हणालो, "ताई, ते वरून झालं."

"वरून मंजी कुठून?"

"वरून. पंचायत समिती, जिल्हा परिषद... त्यांनी बदललं असेल."

आमच्या खात्यात हा शब्द फार कामाचा आहे. लाईट नाही, वरून. यादीत नाव नाही, वरून. खालचा माणूस वरती बोट दाखवतो आणि समोरचा गप्प होतो, कारण वर कोण आहे ते त्याला दिसत नाही. ताई गप्प झाल्या नाहीत. त्यांनी घागर खाली ठेवली.

"सरपंचाच्या ट्रेनिंगला तर सांगितलतं की जागा गावानं द्यायची. मग वरच्यांनी कशी बदलली? आपण जाऊन इचारू. तुमी संग चला."

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

सोमवारी आम्ही तालुक्याला निघालो. फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो होतो. ताईंनी पिशवीतून प्रशिक्षणात मिळालेली पुस्तिका काढली. कोपरे दुमडलेले, एका पानावर हळदीचा डाग. "हे जरा वाचून दावा," त्या म्हणाल्या, "मला येतं, पर गाडी यीस्तोवर व्हायचं न्हाई."

मी वाचून दाखवलं. राज्यघटनेच्या चाळिसाव्या कलमात राज्याला सांगितलेलं होतंच की गावपंचायती उभ्या करा आणि त्यांना अधिकार द्या. पण ते मार्गदर्शन होतं, सक्ती नव्हती. मग त्र्याहत्तरावी दुरुस्ती झाली आणि नववा भाग आला, कलम दोनशे त्रेचाळीसपासून पुढं. ग्रामपंचायत, मधली पंचायत समिती, वरची जिल्हा परिषद. आपल्या राज्यात या तिन्ही आधीपासून होत्या, राज्याच्या कायद्यानं. आता त्यांना घटनेचा आधार मिळाला. दर पाच वर्षांनी निवडणूक, त्यासाठी वेगळा आयोग, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येप्रमाणे जागा, बायकांना किमान एक तृतीयांश. आपल्याकडे पुढे ते निम्मं झालं. अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय. ताईंनी त्यावर बोट ठेवलं. "ह्यात पोरांचं कुठं हाय?" महिला व बालविकास असं लिहिलेलं मी दाखवलं. त्यांनी ते एकदा स्वतः वाचलं, बोट धरून.

"आन् ही ग्रामसभा? ही बी घटनेत हाय?"

"आहे. गावाच्या मतदार यादीत नाव असलेली सगळी माणसं मिळून ग्रामसभा."

"मंजी माजी सासू बी?"

"यादीत नाव आहे ना?"

"हाय तर. मताला पाटीत बसवून न्यावं लागतं तिला."

"मग आहे."

ताई हसल्या. "तिला सांगितलं तर खुशीनं जेवायची न्हाई आज." एसटी आली. त्या खिडकीजवळ बसल्या, पुस्तिका मांडीवर. मी शेजारी बसलो आणि त्या दिवसातलं माझं सगळ्यात मोठं दुःख काय होतं ते मला आजही नीट माहीत आहे: त्या बाईंचा माझ्यावर विश्वास होता.

पंचायत समितीत विस्तार अधिकारी भेटले. निवृत्तीला आलेले, चष्मा नाकावर, टेबलावर पानाचा डबा. ताईंनी उभ्यानेच विचारलं. "साहेब, आमच्या आंगणवाडीची जागा तुमी कावून बदलली?"

"बसा आधी, ताई." त्यांनी खुर्ची ओढून दिली. "समिती जागा ठरवीत नसती. तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींचे प्रस्ताव आमच्याकडं येतेत. कागद पुरे हायत का बघायचं, गटविकास अधिकाऱ्यांची सही, आन् पुढं बीडला. इंजिनेर गेला तो ठराव बघून गेला. ठरावात जी जागा, तिथंच फक्की."

"मग ठराव दावा."

"नस्ती, मंजी फाईल, बीडला गेली ना. जिल्हा परिषदेत, महिला-बालकल्याणला." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. पण त्यांनी ओळखलं.

ताई बाहेर नळावर पाणी प्यायला गेल्या. ते मला हळू आवाजात म्हणाले, "किती जागा सोडलती रे?"

मी टेबलावरच्या पानाच्या डब्याकडे बघितलं.

"अर्धं पान?" त्यांनी सुपारी कातरली. "आमी बी सोडलेली हाय, काय सांगू. पर इचारत इचारत एवढ्या लांब कुणी आलं न्हाई. तू तिला सांग. बीडला जायच्या आधी सांग."

ती दुसरी संधी. येताना गाडीत गर्दी होती, ताई उभ्या होत्या, असं मी माझ्या मनाला सांगितलं. फाट्यापासून गावापर्यंत तर आम्ही दोघंच चालत होतो.

दोन दिवसांनी बीड. ताईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, निळ्या काठाचं. जिल्हा परिषदेचा लांब व्हरांडा, दारांवर पाट्या: शिक्षण, आरोग्य, बांधकाम, पाणीपुरवठा, समाजकल्याण. ताई प्रत्येक पाटी वाचत चालल्या होत्या, त्यामुळे आम्हाला उशीर होत होता. "आपल्या शाळेचे गुरुजी हितून येतेत?" हो म्हणालो. "दवाखान्याची नर्स?" तीही. "आन् नळाचं?" मोठी योजना इथून, नळ सोडणारा माणूस आपला. त्यांनी मान हलवली. "मंजी मोठं काम हितून, पर दार उघडायचं आपल्या गावातून." मी इतकी वर्षं नोकरी केली, पण तिन्ही पायऱ्यांचं काम मला त्याहून नीट सांगता आलं नसतं.

महिला-बालकल्याणच्या खोलीत एक बाई लिपिक होत्या, ताईंच्याच वयाच्या. त्यांनी नस्ती शोधली. "सरपंचबाई, आमच्या समितीपुढं जातं ते यादीसह जातं, आणि यादी प्रस्तावावरनं होते. आम्ही गावात येऊन जागा बदलत नसतो. हे बघा, तुमच्या ग्रामसभेचा ठराव." आणि त्यांनी कागद ताईंपुढे फिरवला.

ताईंनी आधी सही बघितली. आपली सही माणूस लांबून ओळखतो. मग वर गेल्या. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. खोलीत पंखा चालू होता आणि लिपिकबाई दुसऱ्या कामाला लागल्या होत्या. ताईंचं बोट हळूहळू सरकत होतं. सूचक. अनुमोदक. सर्वानुमते. त्या माझं अक्षर ओळखत होत्या. दर महिन्याला त्यांनी ते बघितलं होतं. एकदा संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कागद दोन्ही हातांनी सरळ केला, नस्ती बंद केली आणि लिपिकबाईंना म्हणाल्या, "लई उपकार झाले, बाई."

बाहेर आल्यावर त्यांनी मला काही विचारलं नाही. स्टँडवर चहा घेतला, माझाही त्यांनीच सांगितला. गाडी वडवणीच्या पुढे आली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सही माजी हाय. मी न वाचता केली."

मी म्हणालो, "ताई, मी..."

"तुमचं तुमी बगा." आवाज साधाच होता. "आता बदलायचं कसं, तेवढं सांगा. ते तर सांगता यील ना तुमाला?"

मी सांगितलं. ग्रामसभेनं केलेलं ग्रामसभाच बदलू शकते. नोव्हेंबरची सभा लागायचीच होती. सात दिवस आधी नोटीस काढायची, दवंडी द्यायची, आदल्या दिवशी महिलांची सभा घ्यायची. त्यांनी ऐकलं. "मग नोटीस काढा," म्हणाल्या.

महिला सभेला मारुतीच्या पारावर अलीकडच्या बायकाही आल्या. ताईंनी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त पडवीतल्या पोरांचं सांगितलं. आण्णांच्या आळीतली एक सून म्हणाली, "आमच्या पोरांना खोली हाय की. गळत बी न्हाई." तिच्या सासूनं तिला कोपर मारलं, पण तिचं बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. माणसं इतकी आली की पारावर जागा उरली नाही. ताई अध्यक्षस्थानी, शेजारी आण्णा, खाली सतरंजीवर मी, समोर प्रोसिडिंग बुक. वस्तीतल्या लोकांनी ताईंच्या सासूला खरंच पाटीत बसवून आणलं होतं आणि पुढे टेकून बसवलं होतं. ऐंशीच्या पुढची बाई, डोळे मिचमिचे, कान मात्र तिखट.

मी म्हणालो, "विषय एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

नेहमीप्रमाणे मागून आवाज आला, "वाचलं समजा."

"न्हाई," ताई म्हणाल्या. "वाचा, भाऊसाहेब."

आण्णा हसून म्हणाले, "अवो, येळ जाईल. पुढं लई विषय हायत."

"जाऊ द्या येळ. आज कापूस न्हाई माजा."

दोन-चार जण हसले. मी पान उघडलं. तिसरी संधी मी मागितली नव्हती, ती मला दिली गेली होती. मी वाचायला लागलो. उपस्थिती, मग दिवाबत्तीचा ठराव, मग गटाराचा. मग तो ठराव आला. आण्णांच्या आळीतील रस्त्यालगतची मोकळी जागा. सूचक. अनुमोदक. सर्वानुमते मंजूर.

ओढ्याकडून टिटवी ओरडली. मग ताईंच्या सासूनं डोकं वर केलं.

"हे कवा झालं?"

आण्णा म्हणाले, "म्हातारे, तुला ध्यानात न्हाई."

"मी होते की त्या दिशी. हिनं आणलतं मला. हात वर केलता मी." त्या माझ्याकडे वळल्या. "ये लेकरा, हे कवा झालं?"

मी पुस्तकाकडे बघत होतो. मग वर बघितलं. म्हणालो, "आजी, झालं न्हाई. मी लिव्हलं."

त्यांची बोली माझ्या तोंडी कशी आली ते मला माहीत नाही. पुढचं मी सगळं बोललो. सही आधी घेतली, पान कोरं होतं, मागून लिहिलं. कुणाच्या सांगण्यावरून ते मी बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती, सूचकाचं नाव मी वाचलंच होतं. आण्णा पारावरून उठून गेले नाहीत, हे मला त्यांच्याविषयी चांगलं आठवतं. ते खाली मान घालून बसून राहिले. वस्तीतला एक जण उठला, "ह्याला तर इथंच..." म्हणाला. ताईंनी हात वर केला.

"बस रे. सभा हाय." मग म्हणाल्या, "हे इतिवृत्त कायम करायचं का न्हाई, तेवढं ठरवा."

सभेनं तो ठराव कायम केला नाही. समाजमंदिरामागच्या जागेचा ठराव पुन्हा मांडला गेला. सूचक ताईंच्या सासू होत्या. त्यांनी अंगठा दिला. हात मोजायला मी उभा राहिलो, कितीदा मोजले तरी चुकत होतो. अलीकडच्या बायकांचेही हात वर होते.

आता उरलेलं सांगतो, कारण तेच सांगायला मी बसलो होतो. जागा बदलल्यामुळे प्रस्ताव पुन्हा पहिल्यापासून गेला. नवी पाहणी, नवं अंदाजपत्रक, तालुका, बीड. तोवर त्या वर्षाची यादी झाली होती, आमचं गाव पुढच्या वर्षावर गेलं. म्हणजे आणखी एक पावसाळा. त्या पावसाळ्यात मी कामासाठी वस्तीत जायचो तेव्हा पडवीकडे बघायचं टाळायचो. पत्र्यावरचा पाऊस मात्र ऐकू यायचा, आणि भिंतीला चिकटून पोरं गाणी म्हणत असायची. इमारत पुढच्या वर्षी झाली. भूमिपूजनाला कुदळ आण्णांच्या आणि ताईंच्या हातांत एकदम होती. आण्णा म्हणाले, "ताई, तुमी मारा, मी धरतो." गाव असंच असतं. म्हणूनच मला ते अजून आठवतं.

मी मार्चात कायम झालो. ताईंनी माझी तक्रार केली नाही. गावानंही केली नाही, का ते मला माहीत नाही. त्या नोव्हेंबरच्या सभेचं प्रोसिडिंग मीच लिहिलं, त्याच दिवशी, पारावर बसून, सगळे जायच्या आत. लिहिताना हात थांबला. मग मी लिहिलं, मागील इतिवृत्तातील सदर ठराव सभेने कायम केला नाही. एवढंच. मी काय केलं, सभेपुढे काय कबूल केलं, त्यातलं एक अक्षर मी लिहिलं नाही.

ताई शेजारी येऊन बसल्या. पुस्तक मांडीवर घेतलं आणि बोट धरून सगळं वाचलं. त्या ओळीपाशी बोट थांबलं. त्यांना कळलं होतं की काय सुटलंय. मग बोट पुढे सरकलं. शेवटी पान संपायला अर्धी जागा उरली होती. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला, कापसाच्या बोंडांनी ओरखडलेला.

"हितं रेघ मारा. ह्या टोकापासून त्या टोकापोत्तर."

मी मारली. मग त्यांनी सही केली.

त्यांची मुदत संपेपर्यंत हेच चाललं. दर सभेनंतर वाचायच्या, तळहात ठेवायच्या, रेघ मारायला लावायच्या. तो प्रसंग त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. माझ्या बदलीच्या दिवशी ओट्यावर चहा आला, तो त्यांच्या घरचा होता.

मध्ये काही वर्षं वरच्या दोन्ही पायऱ्यांवर निवडून आलेलं कुणीच नव्हतं, प्रशासक बघत होते. तेव्हा एकदा त्यांचा फोन आला. "भाऊसाहेब, त्या पुस्तकात पाच वर्षं लिव्हलंय ना? मग विलेक्शन कावून न्हाई?" कोर्टात आहे, आरक्षणाचं चाललंय, असं मी सांगायला लागलो. त्या ऐकत होत्या. मग मला जाणवलं की मी पुन्हा तेच सांगतोय, वरून. मी थांबलो आणि म्हणालो, "ताई, मला नीट माहीत न्हाई. वाचून सांगतो."

"हां, वाचून सांगा," त्या म्हणाल्या. मग नातवाचं सांगायला लागल्या. तो समाजमंदिरामागच्या खोलीत बसतो. खोली एवढ्यात रंगवली आहे. मला त्यांना तेव्हा सांगायचं होतं की त्या नोव्हेंबरच्या पानात एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि रेघ मारलेली असल्यामुळे ती आता तिथे मावत नाही. पण नातू मागे रडायला लागला होता. त्या म्हणाल्या, "ठेवते, भाऊसाहेब," आणि फोन ठेवला.